नवव्या जागेवर कोण?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी निरगुडसरच्या शाळेत शिकवत होते. गणपतीतला दशावताराचा जिवंत देखावा माझ्याच हाती असायचा. सोंगं शाळेतल्या मुलांची, कपडे बाजारपेठेतल्या एका मुसलमान शिंपीचाचांचे. माझ्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, आणि मला ते आवडायचं.

त्या वर्षी नववी जागा रिकामी झाली. बौद्ध वस्तीतल्या मंडळींनी स्वच्छ सांगितलं, बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे आम्ही मानत नाही. मला पटलं, बुद्ध काढला. तर मंडळाचा अध्यक्ष चाचांच्या दुकानातच मला म्हणाला, "बाई, तिथं पैगंबर बसवू. चाचांचाच नातू. लई वर्षं शिवत्यात आपल्यासाठी, त्यांचा बी मान व्हईल."

चाचांच्या हातातली टेप तशीच राहिली. "नका बसवू, भाऊ."

"का? आमच्या देवांशेजारी बसायची लाज वाटती?"

नातवाला बसवायला हो म्हटलं तर चाचांना मशिदीत मान वर करता येणार नव्हती, नाही म्हटलं तर गावात. मला अध्यक्षाचा संताप आला, पण त्याचं मन खोटं नव्हतं. मी मध्ये पडले आणि त्याला विचारलं,

"गेल्या वर्षी राम झालेल्या पोरासमोर म्हाताऱ्यांनी काय केलं?"

"पाया पडल्या."

"का? त्याला तर धड पाढे येत नाहीत."

"पर राम म्हंजे साक्षात देवच की, बाई!"

"तेच म्हणते. अवतार म्हणजे देव स्वतः खाली उतरतो. मासा होतो, वराह होतो, कौसल्येच्या पोटी येतो. काम झालं की परत जातो, धर्म बुडायला लागला की पुन्हा येतो. म्हणून त्या देहालाही आपण पुजतो, चित्रालाही आणि सोंगालाही. चाचा, आता तुमचं सांगा."

चाचांना धीर आला. "आमच्यात अल्ला जन्म घेत न्हाई. तो माणूस निवडतो आन् त्याच्याकडं निरोप देतो. इब्राहीम, मूसा, ईसा, समदी माणसंच. ख्रिस्ती लोक ईसाला देवाचा पुत्र म्हणत्यात, आमी पैगंबरच मानतो. आमचे पैगंबर शेवटचे, त्यांच्यामागं दुसरे येणार न्हाईत. त्यांनी व्यापार केला, संसार केला, वारले. त्यांच्यावर जीव टाकू, पर पूजा एका अल्लाचीच. म्हणून सोंग न्हाई, तसबीर न्हाई."

अध्यक्ष डोकं खाजवत राहिला. "म्हंजे म्हाताऱ्या तुमच्या नातवाच्या बी पाया पडल्या असत्या."

"त्याचंच भ्या वाटत व्हतं, भाऊ."

नवव्या जागेवर मी नांगरधारी बलराम उभा केला. काही ठिकाणी तोही दशावतारात धरतात.

देखाव्याच्या दिवशी ऐन आरतीनंतर रामाचा शेला सुटला. चाचा मंचावर चढले आणि दातात दोरा धरून टाके घालू लागले. समोर म्हाताऱ्या रामाच्या पायांवर वाकत होत्या, चाचा ताठ उभे. त्यांनी हात जोडले नाहीत. एकीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

अध्यक्ष पुढे झाला. "मावशे, जरा मागं सर," तो म्हणाला, "चाचांना नीट शिवू दे."