कोरफडीचं पिवळं पानी

पोरीचा हात भाजला तवा आमी छावनीत व्हतो. त्या वर्सी दुष्काळ असा पडलता की गावच्या हिरीत नुसती गाळाची चिखलवट राहिलती. दूध संस्थेनं पाटोद्याच्या अलीकडं माळावर जनावरांची छावनी घातली आन् सांगितलं, ज्याची ढोरं त्यानं तिथंच राहायचं. आमच्या दोन म्हशी. मालक ऊसतोडीला गेलते, मामांचे, म्हंजे सासऱ्यांचे, गुडघे धरलेले, ते घरीच. मंग आत्या, मी आन् माझी दीड वर्साची पोरगी, आमी तिघी ताडपत्रीखाली. आत्या म्हंजे माझी सासू. आमच्यात सासूला आत्याच म्हनतेत.

पान्याचं सांगते, कारन सगळं त्याच्यावरच आलं. टँकर दिवसाआड यायचा. म्हशीला मोजून घागरी, मानसानं त्यातलंच वाचवून घ्यायचं. भांडं धुतलेलं पानी बी आत्या म्हशीला पाजायची. थेंब सांडला की म्हनायची, "तुझ्या बापानं हीर खांदून ठिवलीय का गं?"

आन् कोरफड. छावनीत यायच्या आधी मी गावातल्या बायांच्या संस्थेत कामाला व्हते. बांधाबांधानं कोरफड लावलती, तिला पानी लागत न्हाई आन् ढोरं बी तोंड लावीत न्हाईत. आमी पानं कापून गर काढायचो. तिथली ताई लई कडक. पान बुडातून कापलं की लगेच चिरू द्यायची न्हाई. बादलीत बूड खाली करून उभं ठिवायचं, अर्धा तास. सालीच्या खालून पिवळं पानी गळतं, कडू जहर, वास मारतं. ते सगळं गळू द्यायचं. मंग पान धुवायचं, बुडाचा पांढरा भाग आन् शेंडा कापून टाकायचा, दोन्ही अंगाचे काटे काढायचे, साल जाड सोलायची. पातळ सोलली की पिवळं गराला लागून राहतं. गर निघला की परत पान्यातून काढायचा, काचेवानी दिसंस्तर. ताई म्हनायची, "हे पिवळं अवशिद न्हाई गं बायांनो, हे जुलाब हाय. अंगाला लागलं तर खाजवतं, पोटात गेलं तर मुरडा. लेकराच्या, पोटुशीच्या, अंगावर पाजनारीच्या तोंडी तर जाऊच द्यायचं न्हाई."

मला हे सगळं पाठ व्हतं. शाळेतलं काय ध्यानात राहिलं न्हाई, सातवीत सुटलीच शाळा, पर हे पाठ व्हतं.

छावनीत येताना मी तेलाच्या डब्यात दोन रोपं घेऊन आलते. बाया यायच्या, कुनाच्या टाचा फुटलेल्या, कुनाला केसाला पायजे. पान धुवायला पानी कुठून आनायचं? मी पदरानं पुसायचे आन् द्यायचे. असं दोन महिने चाललं, कुनाला काय झालं न्हाई, आन् मला सवय पडून गेली.

त्या दिवशी सकाळी मी चुलीवर च्या ठिवलता. जळन वलं, धूर डोळ्यात, मी फुकनीनं फुकत व्हते. च्याचं भगुनं खाली काढून बाजूला ठिवलं आन् परत वाकले. तेवढ्यात पोरीनं भगुन्याचा काठ धरला. मी वळले तर भगुनं आडवं, आन् तिचा उजवा हात, मनगटापसून बोटापतूर, लालभडक. ती वरडली न्हाई आधी. तोंड उघडलं, आवाजच निघना. मंग निघला.

मी घागरीकडं पळाले. आत्यानं माझं मनगट धरलं.

"पानी घालू नको! फोड येतेत पान्यानं! आन् ते म्हशीचं हाय!"

"आत्या, हात जळलाय तिचा."

"मला दिसत न्हाई का? तू मोठी कोरफडवाली ना? मंग लाव की!"

मी तिथंच घागर सोडली. का सोडली, कावून सोडली, आजवर मला त्याचा राग येतो. आत्याचा न्हाई, माझाच. डब्यातलं पान मोडलं, कापलं बी न्हाई, मोडलं. अर्धा तास उभं ठिवनं, धुनं, काय आठवलं न्हाई. लेकरू वरडतंय, शेजारच्या ताडपत्रीतल्या बाया गोळा झाल्यात, एक म्हनती टूथपेस्ट लाव, एक म्हनती शाई लाव, आन् मी पान मधून चिरून तसंच्या तसं तिच्या हातावर दाबलं. पिवळं पानी तिच्या मनगटावरनं वघळत व्हतं. मी बघत व्हते ते, आन् दाबत व्हते.

पोरगी जास्तीच वरडाय लागली. जिथं भाजलं न्हवतं, कोपराकडं, तिथं बी लाल चट्टे उठले. आत्या म्हनली, "गुन यायला लागलाय, उष्नता बाहेर पडतीय." मंग त्याच पानातला उरलेला गर तिनं चमच्यात घेतला, गुळाचा खडा कुस्करला आन् पोरीच्या तोंडाजवळ नेला. "वरून लावलं, आतून बी पायजे."

मला ताईचा आवाज आयकू आला. खरंच सांगते, कानात आला. मी म्हनले, "आत्या, धुतलेलं न्हाई ते."

"तुमच्या संस्थेत धूत आसतीन राण्या. आमी बिनधुतलंच खाऊन वाढलो."

बाया हासल्या. आन् मी गप बसले. तेवढ्या बायांत सासूला उलट बोलायचं धाडस झालं न्हाई. पोरीनं थुकलं, आत्यानं नाक दाबून परत घातलं. दोन चमचे.

दुपारपसून जुलाब सुरू झाले. आधी मी मोजले, मंग मोजनं सोडलं. धुवायला पानी न्हाई, राखेनं पुसत व्हते. पोटात मुरडा आला की ती गुडघे पोटाशी घ्यायची आन् बारीक कन्हायची. हातावर फोड आलता, चिंचोक्याएवढा. उन्हं कलली तवा तिचे डोळे आत गेलेले, व्हट कोरडे. मी अंगावर घ्यायला लागले तर आत्या म्हनली, "दूध पाजू नको, जुलाब वाढतेत."

तवा मी पहिल्यांदा बोलले. काय बोलले ते सगळं आठवत न्हाई. "बास झालं तुमचं," एवढं आठवतं. पोरीला पदरात गुंडाळलं आन् रस्त्याला लागले. दूध संस्थेची गाडी कॅन घेऊन पाटोद्याला निघलती, डायवरनं कायबी न इचारता म्होरं बसवलं. मागं बघितलं तर आत्या पळत येत व्हती, एका हातात चप्पल, एका हातात पोरीचं टोपडं. चढली मागं कॅनात.

दवाखान्यात सिस्टर व्हती, मोठ्या वयाची, जाड चष्म्याची. तिनं हात बघितला, पोट दाबून बघितलं, कातडी चिमटीत धरून सोडली.

"भाजल्यावर आधी काय केलं?"

"कोरफड लावली."

"त्याच्या आधी?"

"काय न्हाई."

"पानी?"

मी खाली बघितलं. आत्या म्हनली, "बाई, छावनीत हावत आमी. पानी म्हशीचं हाय. वाया कसं घालायचं?"

सिस्टरनं चष्मा काढला. "मावशी, पानी वाया कुठं जातंय? लेकराचा हात वर धरायचा, खाली घमेलं ठिवायचं, तांब्या तांब्यानं वीस मिनिटं साधं गार पानी सोडायचं. घमेल्यातलं म्हशीला पाजायचं. म्हशीनं काय च्या पिऊ नये असा नेम हाय का?"

मला तर कुनी थोबाडीत मारल्यावानी झालं. दोन महिने भांड्याचं पानी म्हशीला पाजत व्हतो आमी. आन् एवढं सुचलं न्हाई! दोघींपैकी एकीला बी!

मंग मी सगळं सांगितलं. पान मोडलं, पिवळं गळू दिलं न्हाई, दोन चमचे पोटात गेले. सिस्टर आयकत व्हती आन् मीठ-साखरेच्या पावडरीचं पाकीट उकळून गार केलेल्या पान्यात कालवत व्हती. "तुला म्हाईत व्हतं?" तिनं इचारलं.

"हो."

"मंग?"

मला रडू आलं, आन् रागच जास्ती आला. मंग काय! मंग लेकरू वरडत व्हतं, मंग बाया हासत व्हत्या, मंग सासू व्हती! हे सगळं तिला कसं सांगायचं? डॉक्टर आले, त्यांनी फोड फोडला न्हाई, साफ करून वरून पट्टी बांधली. सांगितलं, फोड आलेल्या जागी, उघड्या जखमेवर कोरफड लावायचीच न्हाई, कितीबी चांगली धुतलेली आसू द्या. नुसतं लाल झालेलं, बारकं भाजलं आसंल तरच लावायची, ते बी गार पान्याच्या नंतर. आन् एवढ्या लहान लेकराचा हात भाजला की आधी दवाखाना. अंगावरचं दूध बंद करू नको, उलट जास्ती पाज.

घोट घोट पाजत बसले. चमच्यानं, एक घोट, मंग थांबायचं, मंग एक. आत्या भिंतीला टेकून बसलती. एकदा म्हनली, "मी मुद्दाम केलं का?" मी म्हनले, "गप बसा." सिस्टर म्हनलती, लघवी झाली की समजा पोर सुधारतीय; ती आधी आत्यालाच दिसली. "केली, केली बया!" म्हनून असं वरडली की बाजूच्या खाटंवरचा म्हातारा उठून बसला.

जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले. हाताचं मातर राहिलं. सिस्टर म्हनलती, चारी बोटांच्या सांध्यावर भाजलंय, कातडी आखडू द्यायची न्हाई, पट्टी सुटली की मूठ उघड-झाक करायला लावा. छावनीत परत येऊन मी दिवस काढत व्हते आन् त्या चार बोटांकडं बघत व्हते. पोरीचा उजवा हात. भाकर थापायचा हात, लिहायचा हात. आत्याशी बोलनं चुलीपुरतं, म्हशीपुरतं. बाया कोरफड मागायला यायच्या, मी वसकन अंगावर जायचे, "आधी एक तांब्या पानी आना धुवायला, मंग पान." एक म्हनली, "लई महाग झाली बाई तुझी कोरफड." म्हनू दे.

बाराव्या दिवशी दवाखान्यात जाऊन पट्टी काढली. खाली गुलाबी, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यावानी कातडी. सिस्टर म्हनली, "मूठ उघड, बाळा." पोरीनं मूठ छातीशी घट्ट धरली. मी बोट घालून उघडाय गेले तर किंचाळली. आखडली का? का भितीय? कसं कळायचं?

आत्यानं कनवटीचा भाकरीचा तुकडा काढला आन् म्होरं धरला. पोरीनं डाव्या हातानं हिसकून घेतला.

"आगं माझी चलाख," आत्या म्हनली. तिनं पोरीचा डावा हात हळूच आपल्या मुठीत दाबून धरला आन् दुसरा तुकडा दाखवला. पोरगी तिच्याकडं बघत राहिली, माझ्याकडं बघितलं, सिस्टरकडं बघितलं. मंग उजवी मूठ छातीवरनं सुटली. बोटं उघडली, एक एक, करंगळी सगळ्यात मागून, आन् तुकड्यावर मिटली.

"चारी चालतेत," सिस्टर म्हनली आन् कागदावर कायतरी लिहाय लागली.

आत्या माझ्याकडं बघत न्हवती. मी बी तिच्याकडं न्हाई. चुकलं आसं ती म्हनली न्हाई, मी बी म्हनले न्हाई. पोरगी भाकर चावत व्हती, आन् मी तिथं उभी राहून तो हात परत उघडायची वाट बघत व्हते.