बेडकाच्या हृदयावरचे दोन थेंब

शरीरक्रियाशास्त्रात मी नापास झालो तेव्हा लाज वाटली, पण ती थोडे दिवसच टिकली. टिकून राहिला तो थकवा. पुरवणी परीक्षेला पुन्हा सगळं पाठ करायचं होतं, आणि तेव्हाही नापास झालो तर आमच्या वैद्यकीय कॉलेजातून नाव कमी होणार होतं. हे प्राध्यापकांनी मला शांतपणे सांगितलं होतं. रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला काही उत्तर देता आलं असतं.

आम्ही कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागे राहत होतो. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले असं घरात सांगत. घरात मराठी, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की कानडी. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंपी होते. त्यांच्या वडिलांचाही तोच धंदा. कॉलेजचं तोंड पाहिलेला घरातला मी पहिला, आणि अण्णांनी ते गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलं होतं की मी नापास झाल्यावर लोक कपडे शिवायला टाकताना माझी चौकशी करायचं टाळू लागले.

मी कशात अडकलो ते सांगायला हवं. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या अवयवांना, हृदय, आतडी, डोळ्याची बाहुली यांना, दोन प्रकारचे तंतू जातात. एक सिंपथेटिक, दुसरे पॅरासिंपथेटिक. मी वहीत दोन रकाने आखले होते. सिंपथेटिकने बाहुली मोठी होते, पॅरासिंपथेटिकने बारीक. एकाने हृदय जलद, दुसऱ्याने मंद. एकाने श्वासनलिका रुंद, दुसऱ्याने अरुंद. एकाने आतडं सुस्तावतं, दुसऱ्याने हलू लागतं. हे इतकं नीट जुळत होतं की जिथे एक रकाना रिकामा राहिला, तिथे मी स्वतःच उलटं लिहून टाकलं. सिंपथेटिकने घाम येतो, तर पॅरासिंपथेटिकने थांबत असणार. पहिल्या तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं. मी ठामपणे सांगितलं. परीक्षक चष्मा काढून पुसत म्हणाले, "घामाच्या ग्रंथींना पॅरासिंपथेटिक जातच नाही. थांबवणार कोण?" पुढे लाळेचं विचारलं. मी म्हणालो, एकाने सुटते, दुसऱ्याने बंद होते. तेही चूक. लाळ दोघांनीही सुटते, एकाने भरपूर आणि पातळ, दुसऱ्याने थोडी आणि घट्ट. त्यानंतर त्यांनी काय काय विचारलं ते मला आठवत नाही, कारण मी बोलायचंच थांबवलं होतं.

तेव्हापासून ठामपणे काहीही सांगायची मला भीती बसली.

पुरवणीच्या अभ्यासाला घरात एकच जागा होती, स्वयंपाकघराचा उंबरा. तिथे अक्का, माझी थोरली बहीण, भाकऱ्या थापायची आणि मी मोठ्याने म्हणायचो. तिला त्यातलं काही कळावं अशी अपेक्षा नव्हती. मी अडखळलो की ती नुसती वर बघायची.

"सिंपथेटिक निघतात पाठीच्या कण्याच्या मधल्या भागातून," मी म्हणायचो. "छातीच्या पहिल्या भागापासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत. पॅरासिंपथेटिक निघतात दोन टोकांतून. वर मेंदूतून, हृदयाकडे जाणारी व्हेगस त्यातलीच, आणि खाली माकडहाडाच्या वरून."

"आणि दोघं एकाच जागेतून का नाही निघत?"

"ते मला विचारू नकोस अक्का. ते परीक्षेत नाही."

"बरं, बाबा. तुझं चालू दे."

"दोघंही वाटेत एकदा थांबतात. तिथे गाठ असते, गॅंग्लियन. एक तंतू तिथे संपतो आणि दुसरा सुरू होतो. सिंपथेटिकच्या बऱ्याचशा गाठी कण्याला लागून, माळेसारख्या. म्हणजे पहिला तंतू आखूड, पुढचा लांब. पॅरासिंपथेटिकच्या गाठी थेट अवयवापाशी, नाहीतर त्याच्या भिंतीतच. पहिला लांब, पुढचा एवढासा."

"हे तू काल पण म्हणालास."

"उद्या पण म्हणणार."

"स्वल्प हळू म्हण, अण्णा आत आडवे झालेत," ती म्हणायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची.

आपण जागं राहून म्हणतोय की झोपेत, हे शेवटी शेवटी मला कळेनासं झालं होतं. शब्द बरोबर येत होते, एवढंच.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी बाजारातल्या थांब्यावरून बस धरून मी कॉलेजात पोहोचलो. बाहेरच्या कट्ट्यावर माझा टेबलावरचा जोडीदार बसला होता. तोही माझ्याबरोबर नापास झाला होता, पण ते त्याच्याकडे पाहून वाटलं नसतं. आम्ही दोघं कानडीतच बोलायचो.

"काय शिंपीराव, डोळे तर सुजलेत. आज माप कोणाचं घेणार?"

"बेडकाचं," मी म्हणालो.

"ऐक. बेडकाचं हृदय देतील. त्यावर बिननावाच्या बाटलीतलं औषध टाकलेलं असेल. ओळखायचं. मानेतल्या व्हेगसला विजेचा झटका दे. हृदय थांबायला हवं ते थांबणार नाही, उलट पळेल. मग डोळे मिटून सांग, अॅट्रोपिन. दरवर्षी अॅट्रोपिनच असतं. सीनिअर लोकांनी सांगितलंय."

"आणि नसलं तर?"

"हे बघ, तुझं हेच. मागच्या वेळी याच्यामुळेच बुडालास."

मागच्या वेळी मी याच्या नेमक्या उलट कारणाने बुडालो होतो, पण वाद घालायचा मला कंटाळा आला होता.

आत काजळी धरलेला कागद गुंडाळलेले ड्रम हळूहळू फिरत होते. माझ्या टेबलावर मेंदू नष्ट केलेला बेडूक उताणा टाचलेला होता. हृदयाच्या टोकाला आकडा, त्याला दोरा, दोरा तरफेला. प्रत्येक ठोक्याला तरफेची निब काजळीवर पांढरी रेघ ओढत होती. बाहेरगावचे परीक्षक आले. ठेंगणे, आवाज बारीक. त्यांनी हातातल्या छोट्या बाटलीतले दोन थेंब हृदयावर टाकले. बाटलीवर नाव नव्हतं. "थोडं थांबा, मग काम करा आणि मला सांगा," एवढं इंग्रजीत म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

मी थांबलो. मग व्हेगसला झटके दिले. निरोगी बेडकात हृदय लगेच मंदावतं, थांबतंही. इथे आधी काहीच झालं नाही. थोड्या वेळाने रेघा दाट होऊ लागल्या, उंचही. हृदय पळत होतं. हे मला समजत होतं. बेडकाच्या व्हेगसला कवटीबाहेर पडताच सिंपथेटिकचे तंतू येऊन मिळतात, एकाच दोरीत दोन्ही पीळ. मंदावणारा पीळ मुका झाला, म्हणून पळवणारा ऐकू येत होता.

जोडीदाराने पलीकडून ओठांनीच म्हटलं, "अॅट्रोपिन."

परीक्षक माझ्याकडे आले. "काय?"

"सर, अॅट्रोपिन..." मी म्हणालो. आणि तिथेच अडकलो. अक्कासमोर शंभरदा म्हटलेलं वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं. पॅरासिंपथेटिकची गाठ अवयवाच्या भिंतीतच असते. म्हणजे व्हेगसची गाठ इथेच, या हृदयात. मग दोन थेंबांनी ही गाठच बंद झाली असेल, निकोटिनने होते तशी, तरीही मला हेच दिसलं असतं. सिंपथेटिकची गाठ दूर, कण्यापाशी. तिथे थेंब पोहोचलाच नाही, म्हणून ते तंतू चालूच राहणार.

"अॅट्रोपिन. पुढे?" परीक्षक म्हणाले.

"किंवा निकोटिन, सर."

"किंवा?" त्यांच्या बारीक आवाजात थट्टा होती. "दुकानात दोन रंग दाखवतात तसं? मी कुठलंही उचलू?"

पलीकडे कोणीतरी हसलं. मागच्या वेळेसारखंच गप्प व्हावं असं मला वाटलं. ते सोपं होतं, आणि मी खरंच फार दमलो होतो. पण तोंडातून निघालं ते असं, "सर, मला नक्की सांगता येत नाही. अजून एक रेघ घेतली तर सांगता येईल."

"घ्या. पण आधी सांगा, काय दिसेल?"

मी सांगितलं. शब्द तुटक येत होते, इंग्रजी मोडकंतोडकं. हृदय दोऱ्याने वर ओढलेलं असतं, त्यामुळे त्याच्या मागे, सायनस, म्हणजे रक्त आणणारी पिशवी, आणि उजवा कप्पा जुळतात तिथे एक पांढरट चंद्रकोर दिसते. तिथे झटका दिला की तो गाठीच्या पुढच्या आखूड तंतूंना बसतो. नुसती गाठ बंद असेल, म्हणजे निकोटिन असेल, तर हृदय थांबेल. अॅट्रोपिन असेल तर तंतूंचा निरोप स्नायूलाच घेता येत नाही, मग झटका कुठेही दिला तरी थांबणार नाही.

मी ड्रमवर कागदाचा कोरा भाग पुढे आणला. तारेची टोकं चंद्रकोरीवर टेकवली. एकदा ती घसरली. पुन्हा टेकवली.

निब खाली येऊन सरळ जाऊ लागली. ड्रम फिरत राहिला आणि काजळीवर एकच आडवी, लांब रेघ उमटत गेली. मी टोकं काढली. थोडा वेळ काहीच नाही. मग एक ठोका, मग दुसरा.

"निकोटिन," मी म्हणालो.

"आता 'किंवा' नाही?"

"नाही, सर."

त्यांनी कागदावर वाकून रेघ पाहिली. मग पलीकडे माझ्या जोडीदाराकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचं?" त्याच्या बेडकावरही त्याच बाटलीतले थेंब होते. तो एव्हाना अॅट्रोपिन लिहून मोकळा झाला होता. त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर तो माझ्यासाठी न थांबता निघून गेला. बसमध्ये मला झोप लागली आणि शिवाजीनगर आल्यावर कंडक्टरने उठवलं.

निकाल लागला तेव्हा मी पास होतो, काठावर. तोंडी परीक्षेत पुन्हा थोडी घसरण झाली होती, प्रात्यक्षिकाने वाचवलं. जोडीदाराचं नाव कमी झालं. तो गावी गेला, पुढे काय करतो ते कळलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा अण्णा पाटलोणीला दुमड घालत होते. मशीनचं चाक त्यांनी हाताने थांबवलं.

"म्हणजे आता झालास डॉक्टर?"

"नाही अण्णा. अजून तीन वर्षं."

"तीन? स्वल्प कमी नाही का होत?"

"नाही होत."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "मग जेवून घे." आणि चाक पुन्हा फिरवलं.