एकटीचा उंबरठा

वर्गातल्या पोरी तिला काकू म्हणत. मुलं मोठी झाल्यावर ती मानववंशशास्त्र शिकायला बसली होती. दीक्षाविधींवरचा, म्हणजे वयात येण्यासारख्या टप्प्यांवरच्या विधींवरचा निबंध नीट उतरला, तरच पदवी हाती येणार होती.

निबंधाचा सांगाडा पक्का होता. आधी माणसाला जुन्या जागेपासून तोडतात, मग उंबरठ्यावर, ना आत ना बाहेर असं ठेवतात, शेवटी नव्या दर्जाने परत घेतात. उंबरठ्यावर सगळे सारखे होतात आणि त्यातून एकोपा जन्मतो, असं तिने प्रत्येक समाजाबद्दल ठोकून दिलं होतं.

निबंध तपासणाऱ्या मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं. "काकू, तुमच्या उदाहरणातली ही मुलगी पहिल्या पाळीनंतर खोलीत एकटीच बसलीय. एकोपा कुणाशी, भिंतीशी?"

काकू हसली. "साच्यात कोंबली हो मी तिला."

"मग काढा."

"काढू कशाला? ती बसत नाही, हेच लिहिते."

घरी तिने ते पान नव्याने लिहिलं. तोडणं आहे, परतणं आहे, मधला उंबरठाही आहे. पण शेजारी कुणी नाही. म्हणून एकोपा हा प्रत्येक उंबरठ्यावर उगवतोच असं नाही.

मॅडमनी वाचून समाधानाने मान डोलावली.

"काकू, पार्टी!" पोरी ओरडल्या.

"निकाल लागू द्या गं. अजून मीच उंबरठ्यावर आहे," काकू म्हणाली, "पण एकटी नाही."