शून्याचा आठवडा

घरात तिला सगळे ‘तक्ता’ म्हणत. हे नाव नवऱ्यानं ठेवलं होतं आणि सासूबाईंनी ते उचलून धरलं होतं. कारण स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेला कागद. त्यावर आडवे आठवडे, उभे दिवस, आणि प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काय काय. “तक्ता, माझं गुडघ्याचं तेल कुठल्या चौकोनात आहे गं?” असं सासूबाई विचारत आणि स्वतःच हसत. ती हसत नसे. तिला तेव्हा खरोखरच चौकोन दिसत असे.

बाई मूळची नर्स. मुलगी झाली, मग सासऱ्यांचं आजारपण आलं, आणि बघता बघता नऊ वर्षं गेली. नर्सची नोंदणीही तेवढ्यात रद्द झाली. ती परत मिळवायची तर परीक्षा द्यायला हवी, आणि ती परीक्षा सहा महिन्यांतून एकदाच. तिच्या जुन्या इस्पितळातल्या मेट्रननं मात्र एक जागा अडवून धरली होती. “या निकालापर्यंत मी थोपवते,” मेट्रन म्हणाली होती, “त्यापुढे माझ्याही हातात नाही.” म्हणजे जे काय व्हायचं ते याच परीक्षेत.

तोवर घर चालायला हवं. म्हणून ती घरबसल्या रांगेत काम करी. रांग म्हणजे रेशनची नव्हे. डॉक्टर लोक पेशंट तपासल्यावर घडाघडा बोलून ठेवतात, यंत्र ते ऐकून टाइप करतं, आणि यंत्राचं ऐकणं म्हणजे सासरच्या माणसांचं ऐकणं, हवं तेवढंच! ते पुन्हा ऐकून कोणीतरी नीट करावं लागतं. अशी शेकडो कामं एका रांगेत लागलेली असतात, आणि ज्याने जेवढी कबूल केली तेवढी त्याच्या वाट्याला येतात. एका कामाला तिला पंधरा मिनिटं लागत. आठवड्याला साठ, म्हणजे पंधरा तास. फ्रिज आणि खिडकी यांच्यामध्ये जेमतेम बसणाऱ्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून.

या कामाची एक खोड होती. दर गुरुवारी दुपारी बारापर्यंत आकडा भरायचा; पण तो येत्या आठवड्याचा नाही, तीन आठवड्यांनंतरच्या आठवड्याचा. त्याला तिथे कपॅसिटी म्हणत. एकदा भरला की आकडा वाढवता येई, कमी करता येत नसे. म्हणजे तीन आठवड्यांनी तुमचं डोकं दुखणार आहे का, हे आज सांगायचं. ज्योतिषीसुद्धा एवढी हमी देत नाही. मात्र तिमाहीतून एकदा आकडा शून्य भरायची मुभा होती.

तक्त्याला हे सगळं फार आवडे, ही यातली खरी गोम. बाकीचे कुरकुरत, आणि हिला वाटे, बरं झालं, जग एकदाचं माझ्यासारखं वागायला लागलं. परीक्षेची तारीख लागली त्याच दिवशी तिनं नवा कागद चिकटवला. परीक्षा गुरुवारी, परगावी. त्या आठवड्याला शून्य. पण शून्याचा खड्डा भरून काढायला हवा, म्हणून आधीच्या तीन आठवड्यांत साठाऐवजी नव्वद, नव्वद आणि साठ. अभ्यासाचे बारा धडे आधीच्या आठवड्यांत पेरले, आणि शेवटचे तीन, जड जड, शून्याच्या सोमवार-मंगळवार-बुधवारसाठी राखले. बुधवारच्या चौकोनात लिहिलं : सलाइनच्या थेंबांची गणितं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्यानं जेवता जेवता दाराकडे पाहिलं. “नव्वद झेपतील?”

“बावीस-तेवीस तास होतात. बसवलेत मी.”

“बसतील गं. लिफ्टमध्येही दहा माणसं बसतात. पाटीवर आम्ही आठच लिहितो.”

“तुमची लिफ्ट परीक्षा देत नाही,” ती म्हणाली, आणि तिथे तो विषय संपला.

नव्वदांचे दोन आठवडे तिनं दात-ओठ खाऊन काढले. पंधरा मिनिटांचं काम अकरा मिनिटांत उरकायची सवय लागली. लेकीच्या वेण्या घालताना तोंडानं औषधांची नावं आणि मनात कामांची मोजणी. आकडे पुरे झाले तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला! दारावरचे सगळे चौकोन खोडलेले. आता शून्य.

शून्याच्या सोमवारी दुपारी एक वाजता तिनं सहज म्हणून स्क्रीन उघडली. निरोप होता : परत आलेली कामं, चौतीस. मुदत अठ्ठेचाळीस तास.

ही परत येणारी कामं तिला नवीन नव्हती. प्रत्येक काम आठ-दहा दिवसांनी एक तपासनीस पाही, आणि चुकलेलं काम ज्याचं त्याच्याकडे परत पाठवी. डोस चुकला असेल तर लाल खूण, नावाची किंवा विरामचिन्हाची चूक असेल तर पिवळी. पुन्हा ऐकायचं, दुरुस्त करायचं, का चुकलं ते लिहायचं; एकाला वीस मिनिटं. पण साठांच्या आठवड्यात अशी तीन-चारच येत. ती एकेक करून डाळ शिजेपर्यंत होऊन जात. म्हणून तक्त्यात त्यांचा चौकोनच नव्हता. घाईत केलेली नव्वद अधिक नव्वद, त्यात तपासनीस आठवडाभर रजेवर. तो परतला आणि सगळा ढीग एकदम लोटून दिला. नेमका शून्यात.

तिनं रांग सांभाळणाऱ्या मॅडमना फोन लावला.

“मॅडम, माझा या आठवड्याचा आकडा शून्य आहे हो.”

“नवीन कामाचा शून्य आहे ताई,” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. “जुनं कसं शून्य होईल? तुमच्याच चुका आहेत ना.”

“दुसऱ्या कोणाला देता नाही येणार?”

“ज्याची चूक त्यानंच दुरुस्त करायची, नियम आहे. आणि कोणाकडे रिकामं आहे? सगळ्यांचे आकडे तीन आठवड्यांपूर्वीच भरलेत.”

जो नियम तिला इतके दिवस देवासारखा वाटत होता, तोच आता दाराला कडी घालून बसला होता. मुदतीत नव्वद टक्के दुरुस्त्या गेल्या नाहीत तर तीन महिने रांगेबाहेर, हे तिला पाठ होतं. रांग सोडावी तर घराचं काय, आणि धरावी तर धडे कधी वाचायचे? तिला रडू आलं नाही, राग आला. आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं. होता तो दारावरचा स्वतःच्या अक्षरातला कागद.

ती कामाला लागली. आधी लाल. पहिल्याच कामात डॉक्टर “पॉइंट पाच” म्हणाले होते आणि तिनं यंत्राचं “पाच” तसंच सोडलं होतं. दहापट डोस. नर्स म्हणवणारी बाई ती! लाल अकरा होते. ते तिनं प्रत्येकी दोनदा ऐकून नीट केले, त्याबद्दल तिला पुढेही कधी पस्तावा झाला नाही. मग पिवळे. कुठे आडनावात काना राहिलेला, कुठे स्वल्पविराम. मंगळवारचा धडा मंगळवारी निम्माच झाला. सासूबाईंनी वरणभात टेबलापाशीच आणून ठेवला आणि ‘तक्ता’ म्हणायचं टाळलं.

बुधवारी सकाळी रांगेतल्या सतरा नंबरच्या बाईंचा फोन आला. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजाची ओळख पक्की होती, आणि चौतीसांचं रडगाणं सोमवारीच सांगून झालं होतं.

“किती राहिले गं?”

“तीन. तिन्ही पिवळे.”

“अगं मग बंद कर! चौतीसमधले एकतीस म्हणजे नव्वदच्या वर गेलीस. तीन सोडले तर कोणी विचारत नाही.”

“तीनच तर आहेत, ताई. तासाभरात होतील.”

“तास आहे तुझ्याकडे?”

घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती. परीक्षेच्या गावाची बस दीडला; पोचायला रात्रीचे अकरा, आणि पेपर सकाळी आठला. हातात उरलेला तास तेवढाच, आणि तो थेंबांच्या गणितांचा होता. बसमध्ये वाचलं की तिला मळमळे, हेही तिला ठाऊक होतं. पण आजवर तिच्या नावापुढे कधी ब्याण्णव, एक्याण्णव असलं काही लागलेलं नव्हतं. तीन कामं तशीच अर्धी टाकून उठायचं म्हणजे पदर खोचून आल्यावर भांडी अर्धी घासून जाण्यासारखं. “बघते,” असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि हेडफोन चढवला. एक आडनाव, दोन स्वल्पविराम. बारा पन्नासला चौतिसावं काम गेलं. ती धावत बसस्टँडवर पोचली, तेव्हा तिला चक्क हलकं वाटत होतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये पंखा मोठा आवाज करत होता. पेपर अवघड नव्हता. एका प्रश्नात पाचशे मिली सलाइन चार तासांत द्यायचं होतं, एका मिलीचे वीस थेंब, मिनिटाला किती? नऊ वर्षांपूर्वी तिनं हे वॉर्डात मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बोटांनी जमवलं होतं. बोटांना अजून आठवत होतं, पण कागदावर तासांनी भागायचं की मिनिटांनी, तेच गडबडलं. तिनं तासांनी भागलं. मिनिटाला अडीच हजार थेंब आले. हे चूक आहे, एवढं तिला दिसलं. पण बरोबर काय ते सुचेपर्यंत घंटा झाली. प्रश्न दोन गुणांचा होता.

निकाल सहा आठवड्यांनी लागला, गुरुवारी, साडेअकराला. दोन गुणांनी गेली. तिनं आधी मेट्रनला फोन केला, कारण तो सगळ्यात कठीण होता. मेट्रन चांगली बाई. तिनं उगाच सांत्वन केलं नाही. “सोमवारी दुसरी रुजू होईल,” म्हणाली. “तू सहा महिन्यांनी पुन्हा बस. पण जागेचं वचन नाही देत.”

तोवर बाराला पाच कमी होते आणि आकडा भरायचा होता. स्क्रीनवर मॅडमचा निरोपही आलेला होता : तिमाहीत दुरुस्त्या शंभर टक्के, अभिनंदन, आपण कपॅसिटी वाढवू शकता. तिनं साठ लिहिलं, खोडलं, पंचेचाळीस लिहिलं. घराचं कसं बसवायचं ते आता पुन्हा पाहावं लागणार होतं. तरी बटण दाबलं. तेच टेबल, तोच फ्रिज, तीच खिडकी, आणि पुढचे सहा महिने.

दुपारी नवरा जेवायला आला. तिच्या चेहऱ्यावरूनच त्यानं ओळखलं. बूट न काढताच तो खुर्चीवर बसला.

“कितीनं?”

“दोन गुणांनी. थेंबांचं गणित.”

“ते बुधवारी करणार होतीस ना?”

“हो. त्या तासात मी तीन कामं केली.” ती थांबली. मग सांगूनच टाकलं. “ती केली नसती तरी चाललं असतं. नव्वदच हवे होते. मला माहीत होतं. सतरा नंबरनं सांगितलंही होतं. शंभर व्हावेत म्हणून केली.”

नवऱ्यानं वाकून बुटाची नाडी सोडली. आतल्या खोलीत सासूबाईंनी रेडिओ बंद केला.

“कोणी मागितले होते गं तुझ्याकडे शंभर?” त्यानं अगदी हळू विचारलं.

“कोणीच नाही,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.