भिंत चाळीस मीटरचीच होती

राजापेठेतल्या एका क्लासमध्ये कौशल्या मॅडम बारावीच्या गणिताच्या शंका सोडवायला बसायच्या. कॉलेजातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं, घरी बोलायला कुणी नव्हतं. शिकवण्याचे व्हिडिओ आता मोबाइलवरच मिळत, त्यामुळे त्यांच्या खोलीत क्वचितच कुणी डोकावे. तरीही त्या रोज तीन वाजता हजर असत.

एका मंगळवारी चांदूर बाजार गावची आरती वही घेऊन आली. तिच्या घरी भाजीपाल्याचा मळा होता.

"मॅडम, उत्तरसूचीत साडेबाराशे दिलं हाय. मले बाराशेच येऊन राहिले."

गणित कुंपणाचं होतं. शंभर मीटर जाळी, एका बाजूला चाळीस मीटरची भिंत. भिंतीच्या बाजूला जाळी लावायची नाही आणि आयताकृती वाफा भिंतीपेक्षा लांब व्हायला नको. जास्तीत जास्त क्षेत्रफळ किती?

उत्तरसूची मॅडमनीच लिहिली होती. "तू x काय धरला?"

"भिंतीलगतची बाजू. मंग बाकीच्या दोन बाजू प्रत्येकी शंभर वजा x, भागिले दोन. डेरिव्हेटिव्ह शून्य केलं तर x पन्नास येते. पण भिंत चाळीसचीच हाय नं? पन्नास चालतच नाही. शून्य ते चाळीस क्षेत्रफळ वाढतच जाते, म्हणून टोकावरचं चाळीस घेतलं. चाळीस गुणिले तीस."

मॅडमनी आपली पानं काढली. त्यांनी भिंतीला काटकोनातली बाजू x धरली होती. x पंचवीस आला, दुसरं डेरिव्हेटिव्ह ऋण निघालं, आणि त्यांनी तिथंच उत्तर लिहून टाकलं. पण भिंतीलगतची बाजू चाळीसच्या आत ठेवायची तर x तीसपेक्षा कमी असूच शकत नव्हता. त्यांच्या मांडणीत ही अट दिसत नव्हती, आणि त्यांनी ती शोधलीही नव्हती.

"तुझं बरोबर आहे. चूक माझी."

आरती गोंधळली. "तुमचं कसं चुकन, मॅडम?"

"x सारखा चल निवडला की आधी त्याची हद्द लिहायची. हे मी तीस वर्षं शिकवलं, बाई. आणि मीच लिहिली नाही."

आरती अर्धा तास बसली. डब्याच्या घनफळाचं एक गणित दोघींनी दोन वेगवेगळे चल धरून सोडवलं. जाताना ती म्हणाली, "गुरुवारी येतो."

मॅडमनी क्लासचालक कुंदनला चूक सांगितली. "मी दुरुस्ती टाकतो," तो म्हणाला. "आणि मॅडम, शंका आता मोबाइलवरच घेऊ. तुमची धावपळ वाचन. ही खोली तशीही पुस्तकांसाठी पाहिजेच."

गुरुवारी खोलीत गठ्ठे रचलेले होते. मॅडम बाहेरच्या बाकावर पाच वाजेपर्यंत थांबल्या. शंका मोबाइलवरच पाठवा, असा पोरांना निरोप गेलेला होता. आरती आली नाही.

आता त्या घरीच उत्तरं लिहितात. प्रत्येक उत्तराच्या पहिल्या ओळीत चलाची हद्द असते. पलीकडून अंगठ्याचं चित्र येतं. विचारणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसता क्रमांक दिसतो. त्यातला एखादा आरतीचा असेल, असं त्यांना कधी कधी वाटतं. विचारावं कसं, ते सुचत नाही.