गुरुवारची रात्र नेमकी कोणती?

पंप बनविणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयातील जेवणाची खोली संध्याकाळी आमच्या प्रौढ साक्षरता वर्गासाठी उघडी ठेवली जात असे. किल्ली ज्यांच्याकडे असे, त्या ताईंशी प्रस्तुत लेखिकेची ओळख तेथेच झाली. पुढील हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकलेली आहे.

कार्यालयात त्यांना सारे घड्याळताई म्हणत. बैठका जुळविणे हे त्यांचे काम. पंपाचे गिऱ्हाईक पश्चिमेकडच्या देशात, येथल्यापेक्षा सहा तास मागे. पंपाचे सांगाडे ओतणारा कारखाना पूर्वेकडे, पाच तास पुढे. गेल्या खेपेतील काही सांगाड्यांना तडे गेले होते. ओतकाम त्याच कारखान्याकडे ठेवायचे की काढून घ्यायचे, हे आता ठरणार होते. त्या कारखान्याची बाजू मांडणार होत्या तेथील एक इंजिनियर बाई.

ताईंनी आमंत्रण नीट लिहिले. तीन पर्याय दिले आणि प्रत्येकापुढे तिन्ही ठिकाणची वेळ, वार व तारीख घातली. पहिला, गुरुवारी आपल्याकडे दुपारी एक, पश्चिमेकडे सकाळी सात, पूर्वेकडे संध्याकाळी सहा. दुसरा, शुक्रवारी आपल्याकडे दुपारी बारा, पश्चिमेकडे सकाळी सहा, पूर्वेकडे संध्याकाळी पाच. तिसरा केवळ ताईंच्या वरच्या साहेबांच्या आग्रहास्तव, गुरुवारी आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, पश्चिमेकडे दुपारी दीड. पूर्वेकडे मात्र तोवर तारीख उलटून शुक्रवारचे साडेबारा वाजलेले, मध्यरात्रीनंतरचे. खाली विषय लिहिले: तड्यांचा चाचणी-अहवाल, मांडणार इंजिनियर बाई, वीस मिनिटे, पुढील ओतकाम कोणाकडे, निर्णय, पंधरा मिनिटे. सोयीचा पर्याय मंगळवारपर्यंत कळवावा.

साहेबांनी मसुदा पाहिला आणि नाक मुरडले. "एवढं पुराण कोण वाचणार? एक वाजता माझं जेवण असतं. साडेसातच ठरवू."

"साहेब, त्यांची तेव्हा मध्यरात्र होते."

"गरज कुणाला आहे? त्यांनाच ना? ठेवा मसुदा, मीच पाठवतो."

साहेबांनी पर्याय गाळले, तारखा गाळल्या, आणि पूर्वेकडे कळविले, 'गुरुवारी रात्री साडेबारा, तुमची वेळ. विषय: चर्चा.' बोलण्यात आपण गुरुवारी रात्री म्हणतो, ती रात्र गुरुवारचा दिवस मावळल्यावरची. कॅलेंडरमध्ये मात्र गुरुवारचे साडेबारा बुधवार संपताच वाजून जातात.

गुरुवारच्या बैठकीत संगणकाच्या पडद्यावरची पूर्वेकडची चौकट रिकामीच राहिली. गिऱ्हाइकाने विचारले, कारखान्याचे कोणी का नाही? साहेब हसून म्हणाले, "त्यांना पर्वाच दिसत नाही." पाच मिनिटांत ओतकाम दुसरीकडे देण्याचे ठरले. कोपऱ्यात टिपणे घेणाऱ्या ताईंना ते हसणे खटकले. पण काय बिघडले, हे अजून त्यांना ठाऊक नव्हते.

शुक्रवारी सकाळी इंजिनियर बाईंचा संदेश आला: 'बुधवार संपून गुरुवार लागला, त्या रात्री साडेबारापासून मी पाऊण तास बसून राहिले. कोणीच आले नाही. नुसती चर्चा होती, म्हणून मी पुन्हा विचारले नाही. आणि आज कळते, की काम गेले?'

साहेबांनी पाठविलेले आमंत्रण ताईंनी उघडून पाहिले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दार न ठोठावता त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"तुम्ही काय लिहिलंत हे? कोणती रात्र?"

"गुरुवारची रात्र म्हणजे गुरुवारची रात्र! लहान मुलालाही कळतं."

"मुलाला कळत असेल, कॅलेंडरला नाही कळत! ती बाई वेळेवर बसली होती, साहेब. गैरहजर तुम्ही होतात. आणि वर चारचौघांत तिलाच बेपर्वा म्हणालात? निर्णय होणार, हे तिला सांगितलंत तरी का?"

"आवाज खाली करा, ताई."

"नाही करणार. तिच्या कारखान्याच्या पोटावर पाय आला आणि मी आवाज खाली करू?"

"बरं, बोलवा परत. पण आपली चूक झाली असलं काही लिहू नका. अब्रू जाते."

"ती कालच गेली."

ताईंनी नवे आमंत्रण लिहायला घेतले. दोनदा पुसून त्यांनी तिसऱ्यांदा लिहिले. पहिले वाक्य: आमच्या आमंत्रणात तारीख चुकीची समजेल अशी लिहिली गेली, इंजिनियर बाई हजर होत्या. मग सोमवार आणि मंगळवारचे दोन पर्याय, कोणाचीही झोपेची वेळ नसलेले, तिन्हीकडच्या तारखांसह. पहिला विषय: गुरुवारच्या निर्णयाचा फेरविचार. खाली स्वतःचे नाव घालून त्यांनी ते सर्वांना पाठविले, साहेबांनाही.

सोमवारी दुपारी एक वाजता तिन्ही चौकटी भरल्या. इंजिनियर बाईंनी दाखविले की तडे फक्त एका साच्यातील सांगाड्यांना गेले होते आणि तो साचा त्यांनी बदलला होता. गिऱ्हाइकाने ओतकाम त्यांच्याकडेच ठेवले. साहेबांनी बैठक चांगली झाली म्हणून सर्वांचे आभार मानले; बाईंची माफी काही मागितली नाही.

ताईंचा राग त्यामुळे तसूभरही उतरला नाही. खोली रिकामी होताच त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मजकुरात काही बदललंत, तर पाठवण्याआधी मला एकदा दाखवा."