बटणाशेजारचं नाव

बोईसर स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. बाहेर पाटी झेरॉक्सची, पण झेरॉक्सपेक्षा ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचंच काम जास्त. सालवडला राहणारे कामगार पीएफच्या कागदांसाठी येतात, कॉलेजची पोरं प्रवेशाला, किनाऱ्यावरचे लोक बोटीच्या परवान्याला. मी हात चालवण्यात पटाईत होतो आणि त्याचा मला माज होता. दुसऱ्या दुकानात अर्ध्या तासाला होणारा फॉर्म मी दहा मिनिटांत उडवायचो. कुणी मधे काही विचारलं की मी सरळ म्हणायचो, "तुम्ही भरता का? बसा इकडे खुर्चीत."

त्या ताई अशाच एका दुपारी आल्या. नांदगाव-आलेवाडीच्या बाजूच्या, मासळी सुकवून बाजारात विकणाऱ्या. बरोबर नवरा होता. गळ्याला पंचा गुंडाळलेला, अंगाने अजून धडधाकट, पण बोलणं बंद झालेलं. घशात गाठ होती आणि तिचा तुकडा काढून तपासलेला होता. पालघरच्या डॉक्टरने त्यांना मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाचं नाव लिहून दिलं होतं. तिथे आधी ऑनलाइन अर्ज करायचा, सोबत बायोप्सीचा रिपोर्ट जोडायचा, तो बघून डॉक्टर तारीख देणार आणि फोन येणार, अशी पद्धत. सहा पानांचा तो रिपोर्ट ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी आणखी एका पिशवीत, अशी गुंडाळून आणली होती.

मी सहा पानं स्कॅन केली. रंगीत, सगळ्यात मोठ्या सेटिंगवर, कारण माझे स्कॅन काचेसारखे स्वच्छ असतात अशी माझी बाजारात ख्याती. फॉर्म भरला. शेवटी 'फाइल निवडा' असं बटण होतं. ते दाबलं, रिपोर्ट निवडला, बटणाशेजारी फाइलचं नाव उमटलं. मग 'अपलोड' दाबलं. पान किंचित हललं. नाव होतं तिथेच होतं. मी 'सादर करा' दाबलं आणि अर्ज क्रमांक आला.

"चढला," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हाच शब्द. फोटो चढला, सही चढली, दाखला चढला.

ताई वाकून स्क्रीनकडे बघत होत्या. "चढला म्हणजे पोचला ना, भाऊ? आमचा माल टेम्पोत चढते, पन बाजारात पोचते का नाय ते मागाहून कळते."

"अहो ताई, हे कॉम्प्युटर आहे, टेम्पो नाही," मी म्हणालो. मागे उभे असलेले दोघेतिघे हसले. ताईही हसल्या. नवऱ्याने मला हात जोडले. मी पावती छापून त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

फोन आला नाही. पाच आठवड्यांनी ताई एकट्याच पावती आणि ती रिपोर्टची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी पावती देवाच्या फोटोमागे जपून ठेवली होती, तिला उदबत्तीचा वास येत होता. "फोन नाय आला," एवढंच म्हणाल्या. मी आधी रुग्णालयावरच करवादलो. मग पावती हातात घेतली आणि पहिल्यांदा ती नीट वाचली. शेवटून दुसऱ्या ओळीत छापलं होतं: जोडलेली कागदपत्रे, शून्य.

ती ओळ मीच छापली होती, मीच टाचणी लावून दिली होती. ताईंना अक्षर येत नाही, नवऱ्याला जेमतेम सही. मला वाचता येत होतं.

मी रुग्णालयात फोन लावला. बऱ्याच वेळाने एक बाई बोलल्या. म्हणाल्या, "अर्ज आहे, पण रिपोर्टच नाही. रिपोर्ट नसला की तो डॉक्टरांकडे जातच नाही." मग मी तोच फॉर्म पुन्हा उघडला आणि पहिल्या वेळी काय झालं ते शोधून काढलं. फाइल जास्तीत जास्त दोन एमबीची चालत होती. माझी काचेसारखी स्वच्छ फाइल नऊ एमबीची. 'अपलोड' दाबल्यावर साइटने ती नाकारली होती आणि तसं लाल अक्षरांत लिहिलंही होतं, पण पानाच्या अगदी वर. मी पानाच्या तळाशी होतो. बटणाशेजारी नाव दिसतं ते फक्त एवढंच सांगतं की या कॉम्प्युटरवरची ही फाइल तुम्ही निवडली आहे. तिथून ती एक इंचही हललेली नसते. आणि रिपोर्टच्या रकान्यासमोर सक्तीची लाल चांदणी नव्हती, म्हणून अर्ज रिपोर्टाशिवायही बिनबोभाट पुढे गेला, क्रमांकही मिळाला.

त्या दिवशी मी घाई केली नाही. ताईंना 'पुन्हा पाठवतो' एवढंच म्हणालो आणि नवा अर्ज भरला. सहाही पानं पुन्हा स्कॅन केली, रंगाशिवाय, अक्षर वाचता येईल इतपत. फाइल दोन एमबीच्या आत बसली. चढवल्यावर पानाच्या वरपासून खालपर्यंत पाहिलं. आता नावाखाली हिरवी खूण होती आणि 'पहा' असं नवं बटण आलं होतं. पावतीवर शून्याच्या जागी एक. तेवढ्यावरही माझं समाधान होईना. कॉम्प्युटर बाजूला ठेवून स्वतःच्या मोबाइलवर नवा अर्ज क्रमांक टाकला आणि तिथून फाइल उघडली. माझ्या मशीनवरून दिसणारी फाइल माझ्याच मशीनवरची असू शकते. दुसरीकडून उघडली, तर ती खरंच पलीकडे आहे. सहा पानं मोजली. मग त्या बाईंना पुन्हा फोन केला आणि म्हणालो, "मॅडम, मिळाला असं नका सांगू. उघडा, आणि शेवटच्या पानावर शेवटी काय लिहिलंय ते वाचा."

त्या जरा चिडल्या, पण त्यांनी वाचलं. माझ्यासमोरच्या कागदाशी ते जुळलं. चौथ्या दिवशी ताईंना तारीख मिळाली.

उपचार सुरू झाले. ताई अधूनमधून कागद घेऊन येत आणि सांगत. एकदा म्हणाल्या, "डाक्टर बोलला, जरा आधी आला असतात तर." मी स्वतःला समजावलं की डॉक्टर हे सगळ्यांनाच म्हणतात. होळीच्या आधी ताईंचा नवरा गेला.

तेव्हापासून मी दुकानात चेष्टेचा विषय आहे. फाइल दुसऱ्या मोबाइलवर उघडून दाखवल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. सालवडचा एक कामगार घड्याळ बघत म्हणतो, "चला गया ना भैया? अब छोड़ो." मी त्याला सोडत नाही. त्याने पाठवलेला पगाराच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर पूर्ण उतरलाच नव्हता, नुसती धूसर छबी होती, आणि चढवलेली फाइल शून्य केबीची. एका बाईंनी शाळेला मेल केली होती. फाइल फार मोठी म्हणून मेलने तिची आपोआप लिंक केली आणि त्या लिंकला कुलूप. बाईंना स्वतःला ती उघडत होती, म्हणून त्या निर्धास्त. शाळेत कुणालाच उघडत नव्हती. असं काही सापडलं की लोक मला हुशार म्हणतात. मला आनंद होत नाही.

कारण ताईंचा तो माणूस दुकानातून गेलेला नाही. फॉर्म कुणाचाही असो, बटणाशेजारी फाइलचं नाव उमटलं की मला त्याचे जोडलेले हात दिसतात. त्याचा पहिला अर्ज अजूनही साइटवर आहे. क्रमांक मला पाठ झाला आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हात आपोआप तो टाकतात, आणि स्क्रीनवर येतं: 'स्थिती: कागदपत्रांच्या प्रतीक्षेत.' माणूस गेला तरी तिथे त्याची वाट बघणं चालूच आहे. मी ते पान बंद करतो आणि दोन दिवसांनी पुन्हा उघडतो.

पावसाळ्याच्या तोंडावर ताई आल्या. रेशनकार्डावरून नवऱ्याचं नाव कमी करायचं होतं. त्यासाठी मृत्यूचा दाखला चढवायचा होता. मी तो स्कॅन केला, चढवला, मोबाइलवर उघडून त्यांना दाखवला. त्या मान हलवत राहिल्या. मग पोच आली का ते बघायला मी दुकानाची मेल उघडली. ज्यांच्याकडे मेल नसते त्यांच्या फॉर्ममध्ये आम्ही दुकानवाले आमचीच टाकतो, सगळेच टाकतात. त्यामुळे त्या पेटीत न वाचलेल्या हजारो मेल्स साचतात आणि त्या कुणी बघत नाही. मी ताईंच्या नवऱ्याच्या नावाने शोधलं. दोन मेल्स सापडल्या. एक आत्ताची. दुसरी जुनी, ठळक अक्षरांतली, म्हणजे कुणीही न उघडलेली.

ती रुग्णालयाची होती. पहिला अर्ज केल्यानंतर तिसऱ्या दिवशी आलेली. 'आपल्या अर्जासोबत बायोप्सीचा रिपोर्ट मिळालेला नाही. कृपया लवकरात लवकर पाठवावा.'

मी ती दोनदा वाचली. त्यांनी सांगितलं होतं. मलाच सांगितलं होतं, माझ्याच पेटीत, आणि पाच आठवडे मी रोज त्याच कॉम्प्युटरसमोर बसत होतो.

ताईंनी विचारलं, "काय झाला, भाऊ?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यांना स्क्रीनवरचं वाचता येत नव्हतं. पण मला ते जमलं नाही. मी सगळं सांगितलं: फाइल गेलीच नव्हती, पावतीवर शून्य होतं, आणि तिसऱ्याच दिवशी मेल आली होती ती मी आज बघतोय. म्हणालो, "चूक माझी आहे, ताई. सगळी माझी."

त्या रागावतील, रडतील, असं मला वाटलं. त्यांनी हातातल्या दाखल्याची घडी घातली. मग नुसतं सांगावं तसं म्हणाल्या, "आमच्याकडं किनाऱ्यावर रेंज नाय. घराच्या मागच्या पायरीवर तेवढी लागते. फोन आला आन आपून नाय उचलला तर, म्हणून आमचं मानूस पाच आठवडे पायरीवरना उठलं नाय. तवा चालत होतं, बोटीवर बी गेलं असतं. मी बोलायची, जरा दर्यावर जाऊन या. मान हलवून नाय बोलायचं, फोन दाखवायचं. मागाहून दवाखाना लागला तो लागलाच. दर्या काय त्यांना परत दिसला नाय."

रिपोर्ट वेळेत पोचता तर तो माणूस जगला असता का, हे मला कधीच कळणार नाही, आणि त्या न कळण्याचा मी आडोसा करून बसलो होतो. पण ते पाच आठवडे त्याचे होते. चांगल्या पायांचे, समुद्र दीडशे पावलांवर असलेले. त्यात शंकेला जागा नाही.

ताईंनी दाखला पिशवीत घातला आणि विचारलं, "आता नाव निघाला ना त्यांचा?"

मी म्हणालो, "अर्ज पोचला, ताई. नाव निघालं का, ते मी बघून सांगतो."